बंद लाइनमध्ये वीज येते कुठून?

"लाइन बंद हाये ना भाऊ?" खांबावर चढण्याआधी लाइनमन फोनवर विचारतो. सबस्टेशनचा ऑपरेटर ब्रेकर उघडतो, पाटी लावतो आणि काम करायच्या परवानगीचा, म्हणजे परमिटचा नंबर सांगतो. या परमिटमुळे त्या फीडरला सबस्टेशनकडून वीज येणार नाही, एवढी खात्री मिळते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या लाइनचं काय, हे मात्र त्यावर नसतं.

विदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चंद्रपूर, कोराडी, तिरोडा इथल्या वीजकेंद्रांतून निघालेल्या अतिउच्च दाबाच्या लाइनी कपाशी-तुरीच्या शेतांवरून जातात. शेतीपंपांची ११ केव्हीची लाइन कुठे कुठे त्यांना समांतर धावते. मोठ्या लाइनच्या विद्युत क्षेत्रामुळे बंद तारेवर दाब चढतो. तार एका जागी जरी नीट अर्थ केली, म्हणजे जमिनीशी जोडली, तरी तो जवळपास उतरतो.

मोठ्या लाइनमधल्या करंटच्या चुंबकीय क्षेत्राचा दाब तसा उतरत नाही. तो लांबीबरोबर वाढत जातो. समजा, दोन्ही लाइनी वीस-पंचवीस मीटरच्या अंतराने तीन किलोमीटर समांतर आहेत आणि मोठ्या लाइनच्या एका फेजला फॉल्ट होऊन १,००० अँपिअर जमिनीतून परतले. अशा वेळी बंद तारेत दर किलोमीटरला साधारण २०० व्होल्ट, म्हणजे एकूण ६०० व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. लाइनमनने फक्त लाइन तोडणाऱ्या एबी स्विचजवळ अर्थिंग केलं असेल आणि तो तीन किलोमीटर पुढे काम करत असेल, तर हा दाब त्याच्या हाताशी येतो. म्हणून आधी टेस्टर लावून लाइन बंद असल्याची खात्री करायची, मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही फेज एकमेकांना जोडून अर्थ करायचे.

एवढ्यानेही एक धोका उरतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. दोन अर्थिंगमध्ये आता बंद वळसा तयार झालेला असतो आणि त्यातून करंट फिरत असतो. मधला जंपर, म्हणजे तारेचे दोन भाग जोडणारा तुकडा, कापला की तो वळसा तुटतो आणि सगळा दाब कापलेल्या दोन टोकांमध्ये उभा राहतो. एक टोक एका हातात आणि दुसरं दुसऱ्या हातात असेल, तर करंट छातीतून जातो. त्यामुळे कापण्याआधी त्या जागेवरून तात्पुरती जाड तार जोडून घ्यावी लागते.

काळ्या मातीचंही लक्षात ठेवावं लागतं. मे महिन्यात ती आकसून भेगाळते, ठोकलेल्या सळईभोवती पोकळी राहते आणि अर्थिंग कमजोर होतं. सळई ओल लागेपर्यंत खोल ठोकावी, भोवती पाणी ओतावं.

अर्थिंग लावताना आधी जमिनीकडचं टोक जोडायचं, मग डिस्चार्ज रॉडने तारेकडचं. काढताना क्रम उलटा. जमिनीकडचं टोक आधी सुटलं, तर तारेला अजून अडकलेल्या वायरवर सगळा दाब येतो आणि ती वायर तर हातातच असते. सगळे खाली उतरले, शेवटचं अर्थिंग निघालं, की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं.