मुलाखत-मार्गदर्शिकेचे बंदिस्त प्रश्नावलीत रूपांतर

विषय ठरलेले पण बोलणे मोकळे, अशा अर्धसंरचित मुलाखतींच्या पहिल्या फेरीत लोक जे बोलले, त्यावरून ठरावीक पर्यायांचे सर्वेक्षण-प्रश्न घडवण्याची पद्धत. मार्गदर्शिकेतील, म्हणजे मुलाखतीत विचारायच्या यादीतील, प्रश्नांना पर्याय जोडले की प्रश्नावली तयार झाली, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. प्रश्न मार्गदर्शिकेतून नव्हे, तर उत्तरांतून घडतात.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील अन्न-असुरक्षिततेच्या, म्हणजे पुरेसे अन्न मिळण्याची खात्री नसण्याच्या, मोजमापाचे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील कॅथी रॅडिमर व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील 32 गरीब स्त्रियांशी भुकेविषयी सविस्तर बोलून घेतले. निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘उपाशी राहता का?’ एवढेच विचारले असते तर बरेच काही निसटले असते. बायका बोलल्या ते धान्य-किराणा संपण्याच्या धास्तीबद्दल, रोज तेच ते खावे लागण्याबद्दल आणि मुलांना वाढून स्वतःचा घास कमी करण्याबद्दल. म्हणून प्रश्नही घर, मोठी माणसे आणि मुले अशा तीन पातळ्यांवर विभागले गेले. मुलांचे जेवण सर्वांत शेवटी तुटते, हा क्रम मुलाखतींतूनच हाती आला.

पुढे अमेरिकी सरकारने 1995 पासून वापरलेल्या 18 प्रश्नांच्या संचात यांतील काही विधाने आली. ‘पुन्हा पैसे हाती येण्याआधी घरातले अन्न संपेल, अशी काळजी वाटत होती’ हे त्यांपैकी एक. गेल्या 12 महिन्यांत हे ‘बऱ्याचदा’, ‘कधीकधी’ की ‘कधीच नाही’ खरे होते, एवढेच उत्तरदात्याने सांगायचे. विधान बोलण्यातले आहे, मुदत ठरलेली आहे आणि कारण म्हणून पैसा प्रश्नातच आहे. हे कारण गाळून चालत नाही. ‘एक वेळचे जेवण टाळले का?’ असे नुसते विचारले, तर वजन कमी करणारा माणूसही ‘हो’ म्हणेल. आपल्याकडे तर एकादशी करणारे सगळेच म्हणतील.

प्रत्येक गोष्ट अशी बंदिस्त होत नाही. ‘असे का झाले?’ याची उत्तरे पहिल्या फेरीत विखुरलेली असतील, तर तो प्रश्न मुलाखतीतच ठेवलेला बरा. पर्यायांची यादी अपुरी असल्याचे लक्षण म्हणजे पूर्वचाचणीत, म्हणजे थोड्या लोकांवर प्रश्नावली आधी वापरून पाहताना, फुगलेला ‘इतर’चा रकाना. जवळजवळ सगळ्यांनी एकच पर्याय निवडला, तर त्या प्रश्नाने माणसामाणसांतला फरक दिसत नाही.

सगळ्यात फसवे असतात ते सोपे वाटणारे शब्द. याच संचातील ‘समतोल जेवण’ हा शब्दप्रयोग लोक वेगवेगळ्या अर्थाने घेतात, असे पुढे दिसून आले. आकडेवारीत हा दोष सहसा कळत नाही. त्यासाठी छापण्यापूर्वी काही उत्तरदात्यांना प्रश्न वाचून दाखवतात आणि ‘यातून तुम्हाला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारतात.