एसजीपीटी फक्त ६१, मग काळजी कशाची?

समजा, घणसोलीत राहणारे आणि रबाळे एमआयडीसीत नोकरी करणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. कंपनीची वार्षिक तपासणी झाली आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. घरात सगळ्यांची नजर आधी एसजीपीटीवर जाते, कारण लिव्हर म्हणजे एसजीपीटी हे आता सगळ्यांना पाठ झालंय. आकडा ६१, लॅबची मर्यादा ४५. ‘थोडंसंच वाढलंय, तेलकट बंद करा,’ असा निकाल लागतो आणि फाइल कपाटात जाते.

त्याच पानावर एसजीओटी १४२ आहे. त्याखाली जीजीटी, हेही यकृताचंच एक एन्झाइम, ४८६, मर्यादेच्या आठ-नऊ पट. सीबीसीच्या पानावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, १०४.६ आहे, तो साधारण ८० ते १०० च्या आत असायला हवा. हे चार आकडे एका कागदावर शेजारी लिहिले की ‘थोडंसंच’ हा शब्द टिकत नाही. गृहस्थ रोज एक क्वार्टर घेतात. १८० मिलि व्हिस्की, ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब करून पाहावा: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची एक बाटली सुमारे ४० ग्रॅम होते. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टर मागे पडते.

आधी एसजीओटी आणि एसजीपीटीचं नातं पाहू. काही लॅब त्यांना एएसटी आणि एएलटी म्हणतात. दोन्ही एन्झाइम यकृताच्या पेशीत असतात आणि पेशी दुखावली की रक्तात झिरपतात. फरक जागेचा आहे. एसजीपीटी मुख्यतः पेशीतल्या द्रवात असतं. एसजीओटीचा मोठा साठा मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत असतो. विषाणूची कावीळ किंवा साधं फॅटी लिव्हर यांत सहसा द्रवातलं आधी बाहेर पडतं, म्हणून एसजीपीटी वरचढ राहतं. दारू मायटोकाँड्रियावरच घाव घालते, त्यामुळे एसजीओटी पुढे जातं.

दुसरं कारण जास्त रंजक आहे आणि आपली फसगत तिथेच होते. ही दोन्ही एन्झाइम बी-६ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या पायरिडॉक्सल फॉस्फेटशिवाय काम करत नाहीत. रोज पिणाऱ्यांत त्याचा तुटवडा असतो आणि त्याचा फटका एसजीपीटीला जास्त बसतो. म्हणजे या गृहस्थांचं एसजीपीटी ६१ वर थांबलंय ते यकृत बरं आहे म्हणून नव्हे. एन्झाइम कमी तयार होतंय आणि जे आहे तेही अर्धवट चालतंय. अनेक लॅब ही तपासणी पायरिडॉक्सल फॉस्फेट न घालता करतात. रिपोर्टात पद्धतीच्या ओळीत तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते घालून तपासलं तर याच रक्तात एसजीपीटी जास्त दिसेल आणि एसजीओटीचं एसजीपीटीशी असलेलं गुणोत्तर खाली येईल. म्हणून दोन वेगळ्या लॅबची गुणोत्तरं एकमेकांशी ताडू नयेत.

गुणोत्तर काढणं सोपं: १४२ भागिले ६१, म्हणजे २.३. इटलीतल्या फर्नांडो डी रिटिस यांनी १९५७ मध्ये ही दोन एन्झाइम जोडीने वाचायची पद्धत मांडली, तीही विषाणूच्या काविळीसाठी. दारूच्या आजारात गुणोत्तर २ च्या वर असेल तर संशय बळावतो, पण त्याला अटी आहेत. दोन्ही आकडे मर्यादेत असतील, समजा २४ आणि ११, तर २.२ ला काही अर्थ नाही. आणि दारूमुळे एसजीओटी क्वचितच ४०० च्या वर जातं. आकडे हजारात असतील तर विषाणू, पॅरासिटामॉलचा जादा डोस असं दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. पावसाळ्यात दूषित पाण्याने कावीळ झालेल्या तरुणाचं एसजीपीटी २००० असतं आणि तो बहुधा काही आठवड्यांत खडखडीत बरा होतो. रोज पिणारा, डोळे पिवळे झालेला, एसजीओटी १८०, एसजीपीटी ७० आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, १४ असलेला रुग्ण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्यात असतो. एन्झाइमच्या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरवणं इथे साफ चुकतं. ती बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा आयएनआर आणि यकृतात बनणारं प्रथिन अल्ब्युमिन सांगतात.

जीजीटी पेशीच्या पापुद्र्यावर, विशेषतः पित्तनलिकांच्या बाजूने असतं. दारूमुळे यकृत ते जास्त प्रमाणात बनवू लागतं, म्हणून ते चटकन आणि खूप वर जातं. पण त्याची तक्रार कशाबद्दल आहे ते त्याच्यावरून कळत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, पित्तनलिकेतला खडा, फिटची औषधं, टीबीचं रिफॅम्पिसिन, सगळ्यांनी ते वाढतं. उलट भरपूर पिणाऱ्या अनेकांचं जीजीटी नॉर्मलच असतं. त्यामुळे लगेच शेजारचं अल्कलाइन फॉस्फेटेज पाहावं. पित्त अडलं असेल तर दोन्ही जोडीने चढतात. आपल्या गृहस्थांचं ते १०८ आहे, म्हणजे जागेवर. सोनोग्राफीतही पित्तनलिका फुगलेली नाही.

लाल पेशी फुगतात त्या अस्थिमज्जेत, पेशी घडत असतानाच, अल्कोहोलच्या थेट परिणामाने. फोलेटची कमतरता असेल तर आणखी भर पडते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एमसीव्ही हळू चढतं आणि हळूच उतरतं. दारूने ते बहुधा १०० ते ११० मध्ये राहतं. त्यापुढे, ११५ वगैरे दिसलं, तर बी-१२ किंवा फोलेट तपासल्याशिवाय दारूचं नाव घेऊ नये. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की नुसत्या वाढलेल्या एमसीव्हीवरून कुणाला पिणारा ठरवणं अन्यायच होईल. उलटी चूकही होते. बीटा थॅलेसेमियाचं वाहकपण सिंधी समाजात बरंच आढळतं, आणि ठाणे जिल्ह्यात उल्हासनगर आहे. वाहकाचं एमसीव्ही मुळातच ७० च्या आसपास असतं. दारूने ते ७८ झालं तरी रिपोर्टात ‘कमी’ असंच छापून येणार. अशा माणसाचा जुना सीबीसी हाच खरा आधार.

नमुन्याचेही दोष असतात. रक्त ओढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं एसजीओटी मिसळून आकडा खोटा चढतो. पोटॅशियमही सोबत वाढलेलं दिसतं. आणि उन्हाळ्यात घरून घेतलेली सीबीसीची बाटली दिवसभर पिशवीत फिरली, रात्री उशिरा मशीनवर लागली, तर पेशी पाणी ओढून फुगतात.

गुणोत्तर, जीजीटी आणि एमसीव्ही हे तिन्ही आकडे एकत्र का वाचायचे, हे डेंग्यूच्या दिवसांत चांगलं कळतं. ताप आलेला माणूस, एसजीओटी १६०, एसजीपीटी ७५, प्लेटलेट ९० हजार. गुणोत्तर २ च्या वर, पण हे दारूचं असेलच असं नाही. डेंग्यूतही एसजीओटी पुढे असतं. तिथे एमसीव्ही ८८ असतं आणि जीजीटी फार तर थोडं वाढलेलं. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पळून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तरी एसजीओटी चढतं, कारण ते स्नायूंतही असतं. तेव्हा स्नायूंचं एन्झाइम सीपीके हजारांत सापडतं आणि जीजीटी शांत असतं. सगळ्यात फसवं उदाहरण फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्याचं. ते औषध जीजीटी वाढवतं आणि फोलेट घटवून लाल पेशीही मोठ्या करतं. तीनपैकी दोन खुणा जुळल्या, माणसाने दारूला हातही लावलेला नाही. अशा वेळी एसजीओटी २६ आणि एसजीपीटी २४ पाहून सुटका होते.

आपल्या गृहस्थांना ताप नाही, फिटचं औषध नाही, बी-१२ नॉर्मल आहे. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. तरी एक प्रश्न उरतो: यकृत फक्त सुजलंय की सिरॉसिसकडे, म्हणजे व्रण पडून कडक होण्याकडे, झुकलंय? सिरॉसिसमध्ये, कारण कुठलंही असो, एसजीओटी पुढे जाऊ शकतं, म्हणून गुणोत्तर इथे उपयोगाचं नाही. प्लेटलेट १ लाख १८ हजार आहेत. दारू अस्थिमज्जा दाबते म्हणून त्या घटतात, आणि सिरॉसिसमध्ये प्लीहा मोठी होऊन त्या अडकवते म्हणूनही घटतात. उत्तर दारू थांबवल्यावर मिळतं. मज्जेमुळे घटलेल्या प्लेटलेट आठवड्या-दोन आठवड्यांत उसळी घेतात, प्लीहेतल्या तशाच राहतात. फायब्रोस्कॅनही त्यानंतरच करावा, कारण सूज असताना यकृत खऱ्यापेक्षा टणक मोजलं जातं.

थांबवणं मात्र स्वतःच्या मनाने, एका रात्रीत नको. रोज पिणाऱ्यात दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, थरथर, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. डॉक्टर बी-१ देतात, गरजेप्रमाणे औषध देऊन ते उतरवत नेतात.

डॉक्टरांच्या देखरेखीत बंद केली तर आकडे साधारण असे उतरतात. दोन आठवड्यांनी एसजीओटी ६८, एसजीपीटी ४४, जीजीटी २६०, प्लेटलेट २ लाख १० हजार, एमसीव्ही १०४. सहा आठवड्यांनी एसजीओटी ३४, जीजीटी ९५, एमसीव्ही १०१. चौथ्या महिन्यात जीजीटी ४२, एमसीव्ही ९४. कारण ज्याच्या-त्याच्या वेगात आहे: रक्तातलं एसजीओटी पाऊण दिवसात निम्मं होतं, एसजीपीटीला दोन दिवस लागतात, जीजीटीला दोन-तीन आठवडे. म्हणून तपासणीआधी चार दिवस हात आवरणाऱ्याचं गुणोत्तर बोथट होतं, पण जीजीटी आणि एमसीव्ही जिथल्या तिथे सापडतात. आणि म्हणूनच सहाव्या आठवड्यात एमसीव्ही १०१ पाहून ‘चोरून पितोयस’ असा आरोप करणाऱ्या घरच्यांचं चुकतं. त्या रक्तात दारूच्या दिवसांत घडलेल्या पेशी अजून फिरत असतात.

पुन्हा सुरू झाली तर एमसीव्ही कितीतरी उशिरा हलतं, जीजीटी आधी. सहाव्या महिन्यात ४२ चं १३० झालं आणि एमसीव्ही ९३ वरच असलं, तर आधी मधल्या काळात सुरू झालेल्या औषधांची यादी मागावी, वजन आणि साखर पाहावी, अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा बघावं. दारूबद्दल त्यानंतर, समोर बसवून, सरळ विचारावं.