महिन्याला तेहतीस रुपये कमी का?

आत्या निवृत्त झाली तेव्हा हातात आलेल्या पैशातले १० लाख रुपये तिनं बँकेत पाच वर्षांसाठी ठेवले. व्याजदर ७ टक्के, व्याज दर महिन्याला बचत खात्यात. पहिल्या महिन्याचं व्याज जमा झालं आणि तिचा फोन आला. "अरे, १० लाखाचे ७ टक्के म्हणजे वर्षाला सत्तर हजार. भागिले बारा, ५,८३३ व्हायला हवेत. यांनी ५,८०० दिलेत. विचारलं तर म्हणतात, सिस्टीमच तसं काढते."

आत्याचा हिशोब चोख होता आणि बँकेचाही. या तेहतीस रुपयांचं कोडं सुटलं की मुदत ठेवीचं जवळजवळ सगळं गणित उलगडतं.

आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीवरचं व्याज साधारणपणे तिमाहीला मोजतात. ७ टक्के दर म्हणजे तीन महिन्यांना १.७५ टक्के, १० लाखावर १७,५०० रुपये. ही रक्कम तिमाही संपली की देणं लागते. आत्याला मात्र ती तीन हप्त्यांत हवी आहे, आणि पहिला हप्ता तिमाही संपायच्या दोन महिने आधी. आधी दिलेल्या पैशावर बँक तेवढ्या काळाचं व्याज वळतं करून घेते. ५,८०० चा पहिला हप्ता याच दरानं दोन महिने वाढला तर ५,८६७ होतो. दुसरा एक महिना वाढून ५,८३३, आणि तिसरा जसाच्या तसा ५,८००. तिन्हींची बेरीज बरोबर १७,५००. म्हणजे बँकेनं एक रुपयाही खाल्लेला नाही, फक्त लवकर दिलेल्या पैशाची किंमत लावली आहे.

आता दुसरा पर्याय बघू. व्याज काढायचंच नाही, ठेवीतच मिसळू द्यायचं. याला बँकेत क्युम्युलेटिव्ह किंवा पुनर्गुंतवणूक ठेव म्हणतात. दर तिमाहीला १.७५ टक्के, पाच वर्षांत अशा वीस तिमाह्या. १० लाखाचे १४,१४,७७८ होतात. वर्षाचा प्रत्यक्ष परतावा ७ नव्हे, ७.१९ टक्के पडतो, कारण पहिल्या तिमाहीचं व्याज पुढच्या तीन तिमाह्यांत स्वतःही व्याज कमावतं.

चक्रवाढ जितक्या वेळा तितका फायदा, असं आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण तो फायदा फार लवकर आटतो. हीच ठेव वर्षातून एकदा व्याज मिसळणारी असती तर पाच वर्षांनी १४,०२,५५२ झाले असते. तिमाहीत १४,१४,७७८. दर महिन्याला मिसळलं तर १४,१७,६२५, आणि अगदी रोज मिसळलं तरी १४,१९,०२०. वर्षावरून तिमाहीवर आल्यावर बारा हजार वाढले. तिमाहीवरून थेट रोजवर गेलो तरी जेमतेम सव्वाचार हजार. त्यामुळे "आमच्याकडे मासिक चक्रवाढ आहे" एवढ्यासाठी कुणी पाव टक्का कमी दर स्वीकारत असेल तर तो तोट्यात जातो.

आत्याच्या ठेवीचा परतावा मग किती? इथे बहुतेकांची गफलत होते. पाच वर्षांत तिला एकूण सुमारे ३,४८,००० रुपये व्याज मिळेल, क्युम्युलेटिव्हवाल्याला ४,१४,७७८. बघताना वाटतं, ६७ हजारांचा फटका. पण तिचे ५,८०० रुपये दर महिन्याला हातात येतात, आणि ते तिनं त्याच दरानं कुठे गुंतवले तर पाच वर्षांनी तिच्याकडेही तेच १४,१४,७७८ असतील. ठेवीचा परतावा दोन्हीकडे सारखाच, ७.१९ टक्के. फरक पडतो तो हातात आलेल्या पैशाचं पुढे काय होतं यामुळे.

बहुतेकदा काहीच होत नाही. पैसे बचत खात्यात पडून राहतात. तिथे अडीच टक्के व्याज धरलं, तर पाच वर्षांनी मुद्दल आणि साठ हप्ते मिळून १३,७०,००० च्या आसपास भरतात. परतावा ७.१९ वरून साडेसहावर येतो. जवळपास ४५ हजार रुपये गेले, आणि ते कुणी कापले नाहीत म्हणून कुणाला दिसतही नाहीत. तेहतीस रुपयांसाठी बँकेत खेटे घालणारी माणसं हा खड्डा बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मात्र व्याज घरखर्चाला लागत असेल तर यात कसलंही नुकसान नाही. खर्चासाठी वापरलेला पैसा वाया गेलेला नसतो.

क्युम्युलेटिव्ह ठेवीतही एक पाणी मुरतं. व्याज हातात येत नसलं तरी ते दर वर्षी तुमच्या नावावर धरलं जातं आणि त्यावर टीडीएस लागतो. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं की १० टक्के कापले जातात. ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा एक लाख आहे, म्हणून आत्या त्यातून सुटते. पंचेचाळिशीतल्या माणसाची हीच ठेव असेल तर पहिल्याच वर्षी ७१,८५९ वर सुमारे ७,१८६ कापले जातील. बँकेनं ते ठेवीतूनच घेतले, तर पाच वर्षांनी १४,१४,७७८ च्या जागी सुमारे १३,६८,००० हातात पडतात. त्यातले ४०,९०० हा कर आहे, विवरणपत्र भरताना तो जमेस धरता येतो. उरलेले ५,९०० मात्र परत येत नाहीत, कारण कापल्या गेलेल्या पैशावरची चक्रवाढ थांबली. मुदतपूर्तीची रक्कम पावतीशी जुळत नाही अशी तक्रार असते तेव्हा कारण बऱ्याचदा हेच निघतं. काही बँका टीडीएस बचत खात्यातून कापू देतात. तसं सांगून ठेवलं तर ठेव अखंड वाढते.

आणखी एक आकडा नीट पारखून घ्यावा असा आहे. जाहिरातीत दराच्या शेजारी कधीकधी "वार्षिक उत्पन्न ८.३० टक्के" असं लिहिलेलं असतं. ठेव तीच, ७ टक्क्यांची. पाच वर्षांचं एकूण व्याज ४१.४८ टक्के, त्याला सरळ पाचानं भागलं की ८.३० येतात. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही, कारण ती चक्रवाढीचं फळ साध्या व्याजाच्या भाषेत सांगते. मुदत वाढवत नेली की हा आकडा आपोआप फुगतो. ७ टक्क्यांनी दहा वर्षांत पैसे दुप्पट होतात, मग याच रीतीनं ते "वर्षाला १० टक्के" ठरतात. दोन ठेवींची तुलना करायची तर मूळ दर आणि चक्रवाढ कितीदा एवढंच विचारावं, किंवा दोन्हीकडचा एका वर्षाचा प्रत्यक्ष परतावा काढावा.

आत्याला मी विचारलं, महिन्याला तुला खरंच लागतात किती? निवृत्तिवेतन आहे, वर चार हजार पुरेत, असं ती म्हणाली. ठेव मोडून दोन पावत्या कराव्यात का, हेही आम्ही बोललो. मुदतीआधी मोडल्यावर जितके दिवस झाले त्या मुदतीचा दर लागतो आणि वर दंड. मासिक व्याज घेतलं असेल तर जास्तीचं दिलेलं व्याज मुद्दलातून कापतात. इथे एकच महिना झाला होता, म्हणजे जायचं ते पाच-सहा हजारांच्या आतलंच. तिनं मोडली. ७ लाखांची मासिक ठेव, तिचे ४,०६० येतात. उरलेले ३ लाख क्युम्युलेटिव्ह, आणि त्या पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम छापलेली आहे ४,२४,४३३.