प्रीप करून केलेली जागा गेली कुठे? सीआर, एमआयपी आणि फुल माउथ केस

पीजीच्या पहिल्या वर्षात हा प्रकार बऱ्याच जणांना भेटतो. शेवटची दाढ, एकच क्राउन, प्रीप करताना वरून व्यवस्थित दीड मिमी काढलंय, आणि पेशंटला दात मिटायला सांगितले की जागा जेमतेम अर्धा मिमी. आधी वाटतं आपणच कमी कापलं, म्हणून अजून कापतो, तरी पुन्हा तेच. कापण्यात चूक नसते बऱ्याचदा. जबडा हललेला असतो.

कसा हलला ते समजलं की हा सगळा विषय निम्मा झाला, म्हणून तिथूनच सुरू करू.

आपण सवयीने तोंड मिटतो तेव्हा वरचे-खालचे दात जास्तीत जास्त जिथे एकमेकांत बसतात ती एमआयपी, म्हणजे मॅक्झिमम इंटरकस्पेशन. ही जागा दात ठरवतात, त्या वेळी कंडाइल सांध्यात कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. सेंट्रिक रिलेशन, म्हणजे सीआर, ही बरोब्बर उलटी गोष्ट: इथे दातांना विचारायचंच नाही, कंडाइल आपल्या खाचेत वर आणि पुढे, आर्टिक्युलर एमिनन्सच्या मागच्या उताराला टेकून बसलेत आणि जबडा फक्त गोल फिरतोय, दाराच्या बिजागरीसारखा, पुढे न सरकता. समोरच्या दातांपाशी साधारण २० मिमी उघडेपर्यंत हे फिरणं शुद्ध गोल राहतं. (जुन्या नोट्समध्ये सीआर म्हणजे 'सगळ्यात मागची' पोझिशन असं सापडेल. प्रॉस्थोडॉन्टिक टर्म्सच्या १९५६च्या पहिल्या ग्लॉसरीत तसंच होतं, १९८७च्या पाचव्या आवृत्तीत ते 'वर आणि पुढे' झालं. त्यामुळे हनुवटी मागे दाबून सीआर घेणारे सीनियर दिसले तर ते कुठून आलंय ते कळेल.)

आता बहुतेक माणसांमध्ये या दोन जागा एक नसतात. पॉसेल्टने १९५२मध्ये मोजलं तेव्हा जवळपास ९० टक्के लोकांमध्ये फरक होता, सरासरी एक-सव्वा मिमीच्या आसपास. हा आजार नाही हं, लोक आयुष्यभर मजेत जेवतात. जबडा सीआरमध्ये मिटायला गेला की कुठलीतरी एक जोडी आधी लागते, बऱ्याचदा शेवटच्या दाढांची, वरच्या दाढेचा मेसियल उतार आणि खालच्या दाढेचा डिस्टल उतार. स्नायूंना ती अडचण पाठ असते, ते जबडा थोडा पुढे घेऊन ती चुकवतात आणि थेट एमआयपीत मिटतात. पुढे आला म्हणजे कंडाइलही उतारावरून थोडा खाली-पुढे आला.

आणि आपण नेमकी तीच दाढ कापली! अडचण गेली, स्नायूंना पुढे जायचं कारण उरलं नाही, कंडाइल वर जाऊन बसला, आणि खालची दाढ वरच्या दाढेच्या जवळ आली. केलेली जागा अशी जाते. म्हणून शेवटच्या दाढेला बर लावण्याआधी सीआरमध्ये पहिला स्पर्श तिथेच आहे का ते बघून घ्यावं.

एकदोन क्राउन असतील तर बाकीचे दात एमआयपी धरून ठेवतात, तिथे एमआयपीतच काम करायचं, उगाच सीआरच्या मागे लागू नये. पण बारा-चौदा दात कापायचे म्हटल्यावर एमआयपी धरणारं तोंडात कुणी उरतच नाही. मग परत परत सापडेल अशी जागा कोणती? सीआर, कारण ती दातांवर अवलंबूनच नव्हती.

एक केस घेऊ. समजा पंचावन्न वर्षांचा माणूस, खालचे पुढचे दात झिजून निम्मे झालेत, वरच्या पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूचं इनॅमल गेलंय, दाढा बऱ्यापैकी शाबूत. एमआयपीत पुढचे दात एकमेकांवर घट्ट, कागदाएवढीही जागा नाही. एमआयपीत कास्ट माउंट केले तर वाटतं की सगळं तोंड उंच केल्याशिवाय किंवा पुढच्या दातांच्या रूट कॅनॉल केल्याशिवाय इलाज नाही.

आता पुढच्या दातांमध्ये ल्युसिया जिग किंवा लीफ गेज देऊन मागचे दात पंधरा-वीस मिनिटं लागू द्यायचे नाहीत, म्हणजे स्नायू आपला पाठ विसरतात. मग पेशंटला आडवं करून दोन्ही हातांनी, बोटं जबड्याच्या खालच्या कडेला आणि अंगठे हनुवटीवर, जोर न लावता जबडा हलकेच उघडमीट करत न्यायचा. आपल्या माणसाचा पहिला स्पर्श १७ आणि ४७वर लागला, आणि त्या क्षणी पुढच्या दातांत उभी २ मिमी फट पडली, शिवाय खालचे दात दीड मिमी मागे गेले. म्हणजे टाळूच्या बाजूला जी जागा आपण दात कापून किंवा तोंड उंच करून मिळवणार होतो त्यातली बरीचशी आधीपासूनच होती, एमआयपीने ती झाकली होती. १७-४७ला तसेही क्राउन द्यायचे असतील तर तो स्पर्श प्रीपमध्येच जाईल आणि उंची किती ठेवायची ते आपण ठरवू.

ते ठरवतो आर्टिक्युलेटरची पिन वरखाली करून, आणि खरी गंमत इथे आहे. पिन ३ मिमी उचलली तर शेवटच्या दाढेपाशी ढोबळमानाने १ मिमी उघडतं, पण हे तेव्हाच खरं जेव्हा आर्टिक्युलेटरचा अक्ष आणि पेशंटचा अक्ष एक आहे, म्हणजे फेसबो आहे आणि बाइट सीआरमध्ये घेतलाय. एमआयपीत माउंट केलेला कास्ट उतारावर पुढे आलेल्या कंडाइलभोवती फिरतो. तिथे पिन उचलून सुंदर वॅक्सअप केला, क्राउन आले, तोंडात बसवले, तर तोवर जुनी अडचण गेलेली असल्यामुळे कंडाइल वर जाऊन बसतो आणि फक्त शेवटच्या दाढा लागतात, पुढे फट. मग 'हाय आहे' म्हणून दाढा घासा, सिरॅमिक पातळ होईपर्यंत घासा, आणि कधी उलट, घासल्यावर पुढचे दात आपटायला लागतात, वरच्या दातावर बोट ठेवलं की थरथर जाणवते, काही महिन्यांनी पोर्सिलेनचा टवका उडतो. लॅबला फोन करून भांडण्यात अर्थ नाही, त्यांनी आपण दिलेल्या बाइटवरच काम केलंय.

म्हणून बाइट एकदा घेऊन थांबायचं नाही. वेगवेगळे दोनतीन रेकॉर्ड घ्या, जमेल तेवढे अपेक्षित उंचीच्या जवळ, आणि रेकॉर्ड भोक पडून दाताला दात लागलेला नको, कारण लागला की दात पुन्हा जबडा सरकवणार. एका रेकॉर्डवर माउंट करा, दुसरा लावून स्प्लिट कास्ट नीट बंद होतो का बघा. मग आर्टिक्युलेटरवरचा पहिला स्पर्श आणि तोंडातला पहिला स्पर्श शिमस्टॉकने ताडून बघा, ८ मायक्रॉनची पट्टी आहे ती, खोटं बोलत नाही. इथे १७ला धरते आणि तिथे २७ला, तर माउंटिंग पुन्हा.

आणि हे सगळं सांधा ठीक असेल तरच. दोन्ही हातांनी धरून कंडाइलवर हळूहळू वरच्या दिशेने भार दिला आणि पेशंटला कानापुढे दुखलं किंवा ताण जाणवला, तर त्या दिवशी बाइट घ्यायचाच नाही. डिस्क सरकलेली असेल, सांध्याला सूज असेल, किंवा नुसतेच स्नायू आखडलेले असतील, काहीही असलं तरी रेकॉर्ड दर वेळी वेगळा येणार. स्प्लिंट द्या, काही आठवडे त्यावरचे डाग बघत ॲडजस्ट करत राहा, आणि लागोपाठच्या दोनतीन व्हिजिटला डाग त्याच जागी यायला लागले की मग बाइट घेऊन पहिला दात कापा.