मॅकचं रिकव्हरीसुद्धा उघडत नाही तेव्हा : दुसऱ्या मॅकवरून केबलने दुरुस्ती

हे पत्रक एम१ आणि त्यापुढच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकसाठी आहे. इंटेलच्या जुन्या मॅकची बटणं आणि रीत वेगळी आहे. तुमचा मॅक इंटेलचा असेल तर इथलं काही त्याच्यावर करून बघू नका, थेट दुकानात या.

एरवी मॅक बिघडला की आपण पॉवरचं बटण दाबून धरतो. थोड्या वेळाने पडद्यावर "Loading startup options" असं येतं आणि मग Options नावाचं दातेरी चाक दिसतं. त्यातून रिकव्हरी, म्हणजे मॅकमधलीच दुरुस्तीची सोय उघडते आणि बहुतेक कामं तिथेच उरकतात. हे पत्रक त्याच्या पुढच्या अडचणीचं आहे. बटण कितीही वेळ धरलं तरी काही येत नाही, पडदा काळाच राहतो, किंवा गोलात उद्गारचिन्ह आणि खाली support.apple.com/mac/restore एवढीच ओळ दिसते. अशा वेळी एक गोष्ट आधी करून बघा. बटण एकदा दाबून सोडा आणि लगेच दुसऱ्यांदा दाबून धरून ठेवा. मॅकमध्ये रिकव्हरीची मागची एक प्रत राखीव असते, ती कधी कधी अशी उघडते. तीही उघडली नाही, तर मग केबल.

लोक विचारतात, इंटेलच्या मॅकला तीन बटणं दाबली की इंटरनेटवरून रिकव्हरी यायची, ती इथे का येत नाही? ॲपल चिपच्या मॅकमध्ये ती सोयच नाही. या चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. तो कुणालाच बदलता येत नाही, म्हणून तो बिघडतही नाही. पण सुरू होण्याच्या पुढच्या बऱ्याचशा पायऱ्या एसएसडीवरच्या एका लहानशा वेगळ्या भागात असतात. अपडेट अर्ध्यात तुटलं किंवा कुणी डिस्कचे भाग पुसून टाकले, तर या पायऱ्याच गायब होतात. मग बूट रॉमला वाय-फाय कळत नाही, पडद्यावर काही दाखवता येत नाही. त्याला एकच येतं, एका ठरावीक यूएसबी-सी पोर्टवर कान लावून बसणं. या अवस्थेला डीएफयू म्हणतात. दुसरा मॅक त्या पोर्टवरून बोलतो आणि हरवलेल्या पायऱ्या परत लिहून देतो. म्हणजे वरून मेल्यासारखा दिसणारा मॅक कित्येकदा नुसता वाट बघत असतो.

आमच्याकडचंच एक उदाहरण सांगतो. एक लग्नाचे फोटोग्राफर १३ इंची एम१ मॅकबुक एअर घेऊन आले. ऐन लगीनसराईत रात्री त्यांनी मॅकओएसचं अपडेट लावलं. पडदा बराच वेळ काळा राहिला, त्यांना वाटलं मशीन लटकलं, म्हणून त्यांनी पॉवर बटण दाबून बंद केलं. सकाळी बघतात तर उद्गारचिन्ह. "दोन लग्नांचे फोटो आहेत हो यात, बाकी काही नाही राहिलं तरी चालेल," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बॅकअप नव्हता. (अपडेट चालू असताना पडदा काळा पडणं आणि ॲपलचं चिन्ह येत-जात राहणं नेहमीचंच आहे. चार्जर लावून ठेवायचा आणि तिकडे बघायचं नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण तिकडे बघतो.)

दुसरा मॅक कोणता लागतो? त्यावर सोनोमा, म्हणजे मॅकओएस १४ किंवा पुढचं असेल तर काम फाइंडरमध्येच होतं. त्याआधीचं असेल तर ॲप स्टोअरवरून ॲपल कॉन्फिगरेटर फुकट उतरवावं लागतं. आमचा मॅक सोनोमावर होता. दोन्ही मॅकना चार्जर लावले आणि मदतनीस मॅक मध्येच झोपणार नाही अशी सेटिंग केली.

निम्मे लोक अडतात ते केबलवर. दोन्ही टोकांना यूएसबी-सी हवं आणि केबलमधून चार्जिंगबरोबर डेटाही जायला हवा. स्वस्तातल्या मोबाइल केबलमध्ये बऱ्याचदा नुसतं चार्जिंग असतं. तपासायला सोपं आहे : त्या केबलने यूएसबी-सीचा फोन मॅकला जोडा, फोटो दिसले तर केबल चालेल. उलट बाजूने महागडी थंडरबोल्ट केबल आणली तर तीही या कामाला चालत नाही. तिच्या टोकावर विजेची खूण असते, त्यावरून ओळखा. ॲपलच्या चार्जरसोबत येते ती साधी यूएसबी-सी केबल इथे उत्तम. मॅगसेफची केबल फक्त चार्जिंगची.

मग पोर्ट. बिघडलेल्या मॅकचं कुठलंही पोर्ट चालत नाही. या एम१ एअरला डाव्या बाजूला दोनच पोर्ट आहेत. त्यातलं बिजागरीच्या, म्हणजे पडद्याच्या जवळचं डीएफयूचं. केबल त्यात आणि चार्जर पुढच्या पोर्टमध्ये. हेच उलटं लावलं तर तासभर बटणं दाबूनही काही होणार नाही. बाकीच्या मॉडेलांत ही जागा बदलते, काही नव्या १४ इंची प्रोमध्ये तर अगदी विरुद्ध टोकाला आहे, म्हणून आपल्या मॉडेलचं पोर्ट ॲपलच्या मदत-पानावर आधी बघून घ्या. मदतनीस मॅकचं मात्र कुठलंही यूएसबी-सी पोर्ट चालतं.

आता बटणं. आधी पॉवर बटण दहा सेकंद धरून मॅक पूर्ण बंद केला. मग चार बटणं एकदम दाबली : डावीकडचं कंट्रोल, डावीकडचं ऑप्शन, उजवीकडचं शिफ्ट आणि पॉवर. दहा सेकंद धरून पहिली तीन सोडली, पॉवर मात्र धरूनच ठेवलं, मदतनीस मॅकवर खिडकी उघडेपर्यंत. हे सगळं चालू असताना बिघडलेल्या मॅकचा पडदा काळाच राहायला हवा, तीच खरी खूण. ॲपलचं चिन्ह किंवा उद्गारचिन्ह दिसलं, तर वेळ चुकली आणि मॅक नेहमीसारखा सुरू व्हायला गेला. परत बंद करून पहिल्यापासून. आमचंही पहिल्या खेपेला जमलं नाही, कारण घाईत डावं शिफ्ट दाबलं गेलं. तिसऱ्या खेपेला जमलं. मदतनीस मॅकने केबल जोडू द्यायची का असं विचारलं, तर Allow दाबा. आणि जमलं की नाही अशी शंका असेल, तर मदतनीस मॅकच्या System Information मध्ये USB खाली बघा. "Apple Mobile Device (DFU Mode)" दिसलं की संपर्क झाला.

फाइंडरच्या खिडकीत दोन बटणं येतात : Revive Mac आणि Restore Mac. इथे थांबा आणि हात बाजूला घ्या.

Revive फक्त चिपचं फर्मवेअर, म्हणजे सुरू होण्याच्या त्या हरवलेल्या पायऱ्या, आणि रिकव्हरी नव्याने लिहितं. तुमच्या फाइली आहेत त्या भागाला ते हात लावत नाही. Restore सगळं पुसून नवा मॅकओएस टाकतं. आणि हे पुसणं पेनड्राइव्ह फॉरमॅट केल्यासारखं नाही. ॲपल चिपच्या मॅकमध्ये एसएसडीवरचं प्रत्येक अक्षर कुलूपबंद असतं, फाइलव्हॉल्ट चालू नसलं तरीही, आणि किल्ली चिपच्या आत असते. Restore ती किल्लीच फेकून देतं. त्यानंतर पुण्या-मुंबईचा कुणीही डेटा रिकव्हरीवाला फोटो परत आणू शकत नाही. म्हणून आमच्या दुकानात नियम आहे : आधी Revive, आणि Restore फक्त ग्राहकाची लेखी सही घेऊन.

Revive दाबल्यावर मदतनीस मॅक ॲपलकडून एक मोठी फाइल उतरवतो, साधारण १५ जीबीच्या आसपास. ४० एमबीपीएसच्या लाइनवर नुसतं उतरवायलाच पाऊण तासाच्या वर जातो. त्या दिवशी दुपारी नवी पेठेत लाइट गेली. मॅकच्या बॅटऱ्या होत्या, पण राउटर बंद पडला आणि उतरवणं तुटलं. तेव्हापासून आम्ही राउटर इन्व्हर्टरवर घेतला आहे. घरी करत असाल तर याचा आधी विचार करा. उतरवताना तुटलं तर काही बिघडत नाही, परत करता येतं. पण फाइल उतरून झाल्यावर मॅकवर लिहिणं चालू असताना केबल हलवू नका.

फाइल आल्यावर बिघडलेल्या एअरवर ॲपलचं चिन्ह आणि खाली पट्टी आली, दोनदा गेली, पुन्हा आली. मग मॅक आपोआप सुरू झाला. पण मॅकओएस उघडला नाही, कारण अपडेट अर्धं राहिलेलं होतं. घाबरून Restore दाबायची हीच वेळ असते आणि नेमकी इथे ते दाबायचं नाही. पॉवर बटण धरलं तर आता "Loading startup options" आलं, म्हणजे रिकव्हरी परत मिळाली होती. Options मधून पासवर्ड टाकून "Reinstall macOS" केलं. मॅकओएस स्वतः एका भागात असतो आणि तुमच्या फाइली Data नावाच्या दुसऱ्या भागात. डिस्क न पुसता रीइन्स्टॉल केलं की पहिला भाग नवा होतो, दुसरा तसाच राहतो. संध्याकाळी लॉगिनचा पडदा आला, दोन्ही लग्नांचे फोल्डर जागेवर होते. ते तिथेच काउंटरवर बसून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेऊन गेले.

Revive मध्येच थांबलं, तर आधी नेट तपासा. ॲपलच्या सर्व्हरने सही केल्याशिवाय ही फाइल मॅकवर बसतच नाही, आणि कारखान्यांच्या, ऑफिसांच्या नेटवर्कवर फायरवॉल त्या सर्व्हरची वाट अडवतो. दुसऱ्या लाइनवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा. मदतनीस मॅकने स्वतःसाठी काही अपडेट मागितलं तर ते आधी बसवा. दुसरी केबलही वापरून बघा. एवढं करूनही प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडत असेल, मग Restore चा विचार. आणि Restore सुद्धा तिथेच अडलं तर दोष बहुधा एसएसडीत किंवा बोर्डात आहे. यातली एसएसडी बोर्डलाच डकवलेली असते आणि काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी वाचता येत नाही. हे आम्ही तोंडावर सांगतो, उगीच आशा लावत नाही.

कीबोर्डवर चहा सांडलेला असेल आणि त्या चारांपैकी एखादं बटण मेलं असेल, तर घरी खटपट करू नका. ते काम दुकानातच होईल.

Restore नंतर मॅक सुरू होताना मूळ मालकाचा ॲपल अकाउंट आणि पासवर्ड मागू शकतो. Find My चालू असलेला सेकंडहँड मॅक घेतला असेल तर तो इथेच अडेल, आणि ते कुलूप आम्ही काढत नाही, कुणाचंच. विकणाऱ्याला फोन करून त्याच्या अकाउंटमधून मॅक काढून घ्या.

दुकानात येताना मॅक, त्याचा स्वतःचा चार्जर, लॉगिनचा आणि ॲपल अकाउंटचा पासवर्ड माहीत असलेला माणूस, आणि बॅकअपची डिस्क असेल तर ती घेऊन या. मॅक अकराच्या आत दिलात तर बहुतेक वेळा त्याच दिवशी संध्याकाळी कळतं की Revive वर भागलं की नाही.