निकेल-लोखंडाचा सेल कुणी दाबला?

“एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी कधीच मरत नाही, म्हणून बॅटरीवाल्यांनी ती मुद्दाम बंद पाडली. खरं का?”

एडिसनचा अमेरिकेतला कारखाना एक्साइडने १९७२ मध्ये घेतला आणि १९७५ मध्ये बंद केला, म्हणून ही गोष्ट पसरली. पण हे सेल नंतरही चीनमध्ये बनत राहिले.

ते टिकतात त्याचं कारण लोखंडात आहे. डिस्चार्ज होताना लोखंडाचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते सेलमधल्या पोटॅशच्या द्रावणात जेमतेमच विरघळतं. त्यामुळे प्लेट झिजत नाही, आकार बदलत नाही. सेल पूर्ण रिकामा झाला, महिनोन्‌महिने तसाच राहिला, तरी पुन्हा उभा राहतो. मात्र द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून काही वर्षांनी ते बदलावंच लागतं.

आणि हाच गुण आड येतो. जे विरघळत नाही ते भराभर करंटही देत नाही, थंडीत तर फारच कमी. शिवाय चार्जिंगच्या वेळी लोखंडावर हायड्रोजन सुटतो: वीज वाया जाते, पाणी घटतं. नुसता ठेवला तरी महिन्याभरात चार्जचा बराच भाग उतरतो.

घरच्या सोलरवर बघा. १२ व्होल्टसाठी दहा सेल लागतात. प्रत्येकाला साधारण १.६५ व्होल्टने चार्ज करायचं, म्हणजे एकूण १६.५. लेड-ॲसिडला १४.४ पुरतात, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेले बरेच इन्व्हर्टर इथे ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतात. लेड-ॲसिड मुळात स्वस्त, गाडीचा स्टार्टरही झटक्यात फिरवते. गिऱ्हाईक तिकडे वळलं ते त्यामुळे.