समान गुणांची कोंडी आणि गुणवत्ता यादीतील प्राधान्यक्रम

स्पर्धा परीक्षेत किंवा प्रवेश परीक्षेत दोन वा अधिक उमेदवारांना सारखेच एकूण गुण पडले, की त्यांच्यात वर कोण आणि खाली कोण हे ठरवण्यासाठी आधीच जाहीर केलेल्या निकषांची उतरंड वापरली जाते. बोलीभाषेत यालाच टायब्रेकर म्हणतात. जागा मोजक्या आणि अर्जदार लाखांत असले, की एकाच गुणावर शेकडो जण येतात. मग कोणाला कोणते महाविद्यालय मिळेल, हे गुणांइतकेच या उतरंडीवरही ठरते.

निकष एकामागून एक लावले जातात, त्यांची बेरीज होत नाही. पहिल्या निकषावर फरक पडला की निकाल लागला. पुढचे निकष त्या जोडीसाठी उघडलेच जात नाहीत. शब्दकोशात शब्द लावतात तसेच हे आहे, पहिले अक्षर वेगळे असेल तर दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ‘माझे रसायनशास्त्राचे गुण तिच्यापेक्षा जास्त, तरी मी खाली कसा?’ या तक्रारीचे उत्तर बहुधा एवढेच असते, की रसायनशास्त्रापर्यंत पाळी आलीच नाही.

वैद्यकीय पदवी प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे उदाहरण घेऊ. एकूण गुण ७२०. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ३६० गुणांचे, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न १८० गुणांचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ कापला जातो, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. समजा चार जणांना ६५० गुण आहेत. अ, ब आणि क यांना जीवशास्त्रात ३३५, तर ड याला ३३०. ड तिथेच चौथा झाला. रसायनशास्त्रात त्याचे १७० गुण चौघांत सर्वाधिक असले तरी त्यांचा उपयोग नाही. उरलेल्या तिघांत रसायनशास्त्र पाहायचे: क याला १६५, अ आणि ब यांना १६०. क पहिला.

आता अ आणि ब. यादीत पुढचा निकष भौतिकशास्त्र आहे, पण तो इथे काहीच करू शकत नाही. एकूण गुण सारखे, दोन विषयांचे गुण सारखे, म्हणजे तिसऱ्याचे सारखे असणारच, दोघांनाही १५५. कागदावर निकष एकाने वाढलेला दिसतो इतकेच.

खरा फरक त्यानंतर दिसतो. निगेटिव्ह मार्किंगमुळे तेच गुण वेगवेगळ्या वाटांनी मिळू शकतात. अ याने १६३ उत्तरे बरोबर दिली, २ चुकवली आणि १५ प्रश्न सोडून दिले: ६५२ वजा २, म्हणजे ६५०. ब याने एकही प्रश्न सोडला नाही. १६६ बरोबर, १४ चूक: ६६४ वजा १४, पुन्हा ६५०. विषयवार पाहिले तरी हेच. जीवशास्त्रात अ याची ८४ बरोबर व १ चूक, ब याची ८५ बरोबर व ५ चूक, दोन्हींचे ३३५. ‘नीट’मध्ये चुकीच्या उत्तरांचे बरोबर उत्तरांशी प्रमाण पाहतात आणि कमी प्रमाण असलेला वर जातो. अ याचे प्रमाण सुमारे ०.०१२, ब याचे सुमारे ०.०८४. त्यामुळे अंतिम क्रम क, अ, ब, ड असा लागतो. पूर्वी प्रमाणाऐवजी केवळ चुकीच्या उत्तरांची संख्या पाहत. एकूण गुण सारखेच असल्याने दोन्ही पद्धतींनी एकच क्रम येतो, कारण तेवढ्याच गुणांत चुका वाढल्या की प्रमाणही वाढतेच.

आयआयटी प्रवेशाच्या ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ला हाच प्रश्न पडतो, पण उत्तर उलट दिले जाते. तिथे कापलेले गुण न धरता ज्याचे केवळ बरोबर उत्तरांचे गुण जास्त, तो वर. त्या नियमाने ब हा अ याच्या पुढे गेला असता. एक परीक्षा न येणारा प्रश्न सोडण्याचा संयम मोलाचा मानते, दुसरी जास्त प्रश्न सोडवण्याची क्षमता. वैद्यकीय शिक्षणासाठी पहिली निवड मला पटते, पण ती निवडच आहे. गणिताने सिद्ध होणारी गोष्ट नव्हे. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये त्यानंतर गणित, मग भौतिकशास्त्र पाहतात, आणि तरीही सुटले नाही तर दोघांना एकच क्रमांक देतात.

गुणपत्रिकेतले सगळे संपले की गुणांबाहेरचे निकष येतात, आणि वाद बहुतेक तिथलेच असतात. त्यातला एक जुना निकष वयाचा: जो ज्येष्ठ तो वर. नोकरभरतीत याला आधार आहे, कारण ज्येष्ठ उमेदवाराच्या हातात वयोमर्यादेपूर्वीच्या संधी कमी उरलेल्या असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही अनिवार्य विषय व मुलाखतीचे एकत्रित गुण पाहिल्यावर वय येते. महाराष्ट्रातील शासकीय भरतीत समान गुण असल्यास आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पाल्यांना प्राधान्य आहे. हा तर उघडच सामाजिक निकष आहे. प्रवेश परीक्षेत मात्र वयाचे समर्थन करणे कठीण जाते. २०२० च्या ‘नीट’मध्ये दोघांना ७२० पैकी ७२० गुण होते आणि वयाने मोठ्या विद्यार्थ्याला पहिला क्रमांक मिळाला. त्यावर टीका झाली आणि पुढच्याच वर्षी वयाचा निकष वगळला गेला. २०२२ मध्ये तो परतला, सोबत अर्ज क्रमांकही आला. २०२३ मध्ये दोन्ही पुन्हा गेले. अर्ज क्रमांकाने फक्त फॉर्म आधी कोणी भरला ते कळते. त्यापेक्षा सोडत प्रामाणिक, कारण इथे आता गुणवत्ता संपली आहे हे ती लपवत नाही.

उतरंड सर्वांत कुचकामी ठरते ती यादीच्या माथ्यावर. पूर्ण गुण मिळवणाऱ्याचे प्रत्येक विषयात पूर्ण गुण असतात आणि चुका शून्य, त्यामुळे कोणताही शैक्षणिक निकष त्यांना वेगळे करू शकत नाही. ४ जून २०२४ च्या ‘नीट’ निकालात ६७ जण ७२० गुणांवर होते आणि सर्वांचा क्रमांक १ होता. सुधारित निकालात ते १७ उरले.

अडचण संगणकाच्या टोकालाही येते. क्रम लावणाऱ्या प्रणालीला सांगितलेले सगळे निकष सारखे निघाले, की ती बहुधा नोंदी ज्या क्रमाने आत आल्या त्याच क्रमाने ठेवते. मग नियमात कुठेही न लिहिलेला एक निकष गुपचूप लागू होतो: अर्ज क्रमांक, कधी नावाचे आद्याक्षर. हे ओळखता येते. यादीतला समान गुणांचा एखादा मोठा गट घ्यावा आणि ज्यांचे जाहीर निकषही जुळतात अशांचे अर्ज क्रमांक वाचावेत. ते प्रत्येक गटात चढत्या क्रमाने निघाले आणि नियमावलीत तसा निकष नसेल, तर यादी तयार करणाऱ्यांनी शेवटची पायरी लिहिलेलीच नाही. आक्षेप नोंदवण्याच्या मुदतीत विचारायचा प्रश्न तो: सर्व निकष सारखे निघाल्यावर क्रम कशाने लावला?